तुटक्या केसांची लांबी

सकाळी साडेनऊ

सोमवारी दवाखान्याचं शटर वर जायच्या आधीच बाकं भरलेली असतात. वैजापूर, गंगापूर, सिल्लोडकडची माणसं पहाटेच्या एसटीनं निघतात. त्यांना दुपारची परतीची गाडी गाठायची असते, म्हणून गावाकडच्यांना आधी आत घ्यायचं हा आमचा अलिखित नियम आहे. यादीत आज डोक्यावर टक्कल पडलेली तीन लेकरं आहेत. कंपाउंडरनं तिघांच्याही केसपेपरवर ‘चाई’ लिहून ठेवलंय. आपल्याकडे डोक्यावर रुपयाएवढी जागा मोकळी दिसली की ती चाई, हे ठरलेलंच आहे.

पहिला आठ वर्षांचा मुलगा. त्याची खरोखरच चाई निघाली. उजव्या कानामागे गोल, गुळगुळीत जागा. खवले नाहीत, लाली नाही, खाज नाही. आजीचं म्हणणं, कीड लागली. तिनं चार दिवस लसूण चोळला होता आणि त्यानं कातडी सोलून निघाली होती. चाईत कीड नसते. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती केसाच्या मुळावर हल्ला करते, आणि त्या भागातले केस मुळापासून सुटून जातात. म्हणून हाताला कातडी सपाट लागते. कडेचे पन्नासेक केस चिमटीत धरून हळूच ओढले तर बोटांत सात-आठ आले. भिंगाखाली कडेला दोन-तीन मिलिमीटरचे खुंट दिसले, टोकाकडे जाड आणि कातडीजवळ निमुळते, उद्गारचिन्हासारखे. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डेही होते. ‘‘आजी, लसूण आता भाजीत टाका,’’ एवढं सांगून लावायचं स्टेरॉइड लोशन लिहून दिलं. एखाद-दुसराच चट्टा असेल तर वर्षभरात पुष्कळांचे केस आपसूक परत येतात.

साडेदहा

दुसरा सहा वर्षांचा, सिल्लोड तालुक्यातला. आईनं पदर काढला तर डोक्यावर पांढरट खवल्यांचा चट्टा, त्यात काळे ठिपके. मानेमागे हात लावला तर दोन गाठी चिंचोक्याएवढ्या लागल्या. लहान मुलाच्या डोक्यावर खवले, तुटके केस आणि मानेमागे गाठी असं तिन्ही एकत्र दिसलं, की मी आधी गजकर्णाचाच विचार करते. घरी कुणाला असं काही आहे का, विचारल्यावर आई म्हणाली, ‘‘धाकट्याला बी हाये, पण थोडंच. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली होती.’’ त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी तिहेरी भेसळ होती. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, आई खूश होते आणि बुरशी मजेत वाढते.

खुंट चिमट्यानं काढून काचपट्टीवर घेतले, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि बाजूला ठेवले. केस विरघळून पारदर्शक व्हायला वेळ लागतो. घाईनं पाहिलं तर बुरशी असून दिसत नाही.

अकरा

तिसरी मुलगी नऊ वर्षांची, वाळूजहून आलेली. वडील कंपनीत शिफ्टला, म्हणून सोबत आई आणि मावशी. हातात कागदांची पिशवी. चार महिन्यांत बुरशीच्या गोळ्या झाल्या, मग चाईचं लोशन झालं, मग कुठलंसं तेल. आजही डोकं तेलानं थबथबलेलं. तेलाखाली खवले लपतात आणि भिंगाला चकाकी येते, म्हणून आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घेतलं.

कपाळाच्या वर, उजव्या बाजूला तळहाताएवढी विरळ जागा. तिला आकार म्हणावा असा नाही. एक कड सरळ, दुसरी कोपरा काढून वळलेली. आणि ती जागा कुठेही पूर्ण मोकळी नाही. तळहात फिरवला तर चार दिवसांच्या दाढीसारखी टोचते. मधूनच एखादा लांब केस तसाच उभा. चिमटीत धरून ओढून पाहिलं, एकही हाती आला नाही. मुळं घट्ट होती. खवले नाहीत, मानेमागे गाठ नाही, नखं स्वच्छ.

आता पट्टी. शाळेची प्लॅस्टिकची पट्टी मी टेबलावरच ठेवते. चट्ट्यातले केस एकेक करून मोजले तर कातडीलगतचे काळे ठिपके निघाले, दोन मिलिमीटरचे खुंट निघाले, आठ मिलिमीटरचे, दीड सेंटिमीटरचे, आणि दोन केस जवळपास तीन सेंटिमीटरचे. या रोगांचा फरक समजून घ्यायचा तर इथं थांबावं लागतं.

गजकर्णात बुरशी केसाच्या आत किंवा भोवती वाढते आणि त्याला ठिसूळ करते. केस मोडतो तो ठरावीक जागी, कातडीलगत किंवा तिच्या थोडा वर. त्यामुळे खुंटांची उंची साधारण सारखी असते. चाईत केस बहुतेक मोडत नाहीत, सुटतात. जे थोडे खुंट राहतात तेही बुटके आणि एका मापाचे. स्वतःचे केस हातानं ओढणाऱ्या मुलाचं तसं नसतं. आज चार केस, परवा दहा, पुढच्या आठवड्यात परीक्षा म्हणून मूठभर. काही मुळासकट येतात, काही मध्येच तुटतात. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वेगवेगळ्या दिवशी ओढलेले केस आज वेगवेगळ्या उंचीवर भेटतात.

यावरून तारीख काढता येते का? थोडीफार, आणि तीही टोक पाहून. टोक बोथट किंवा फाटलेलं असेल तर तो केस मध्येच तुटलेला आहे, त्याच्या लांबीवरून काहीच ठरत नाही. टोक निमुळतं असेल तर तो मुळापासून नव्यानं आलेला. या मुलीचे तीन सेंटिमीटरचे दोन्ही केस निमुळत्या टोकाचे होते. वाढायला तीन महिने, आणि उपटल्यानंतर नवा केस कातडीबाहेर यायला लागणारे काही आठवडे वेगळे. सवय निदान तेवढी जुनी. आईच्या चार महिन्यांच्या हिशोबाशी ते जुळत होतं.

भिंगाखाली, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखाली, एकाच छिद्रातून आलेले दोन केस एकाच उंचीवर तुटून इंग्रजी व्हीसारखे दिसत होते. काही ओढल्यानं गुंडाळी होऊन बसलेले, काहींची टोकं झाडूसारखी फाटलेली. गजकर्णातले स्वल्पविरामासारखे वळलेले केस कुठे नव्हते, चाईतले उद्गारचिन्हाचे केस आणि पिवळे ठिपकेही नव्हते. काळे ठिपके मात्र होते, पण ते तिन्ही रोगांत सापडतात. नुसत्या ठिपक्यांवर निदान करणारा कधी ना कधी फसतो.

साडेअकरा

मावशीला म्हटलं, ‘‘ताई, तुम्ही दोघी पाच मिनिटं बाहेर चहा घ्या. नर्स आहे इथं.’’ मुलीला ‘तू केस ओढतेस का’ असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं, आणि ते नेहमी खोटंही नसतं. पुष्कळदा हात केसांत गेल्याचं मुलाला कळतही नाही. मी विचारलं, ‘‘बाळा, हात केसांत कधी जातो गं? टीव्ही बघताना, का अभ्यास करताना?’’ ती काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाली, ‘‘पाढे म्हणताना.’’ मग, ‘‘आणि झोप येत नाही तेव्हा.’’ ती उजव्या हातानं लिहिते आणि चट्टाही उजवीकडे. पुढचा प्रश्न टाळता येत नाही: काढलेल्या केसाचं काय करतेस? काही मुलं तो ओठांवरून फिरवतात, काही मूळ चावतात, काही गिळतात. केस पचत नाही. पोटात साठत जाऊन त्याचा गोळा होतो आणि कधी तो शस्त्रक्रियेनंच काढावा लागतो. ती म्हणाली, गादीखाली ठेवते. पोट चाचपलं, मऊ होतं.

आई आत आल्यावर सगळ्यात अवघड भाग. ‘‘म्हणजे हीच उपटती? सांगते आता हिला घरी.’’ सांगायचं नाही, हे सांगायला दहा मिनिटं गेली. रागावलं की मूल ओढायचं थांबवत नाही, लपून ओढायला लागतं. 1889 मध्ये अलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं या विकाराला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव दिलं. नावात ‘मेनिया’ असला तरी मुलगी वेडी नाही, हेही सांगावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांत ही सवय बऱ्याचदा अंगठा चोखण्यासारखी आपोआप सुटते. नऊ-दहाच्या पुढे मात्र मदत लागते. मोठ्यांमध्ये एन-ॲसिटिलसिस्टीनचा उपयोग दिसला होता, पण मुलांवरच्या चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून मुलांत भर सवय बदलण्याच्या प्रशिक्षणावरच असतो. हात केव्हा वर जातो ते ओळखायचं, आणि गेला की मूठ मिनिटभर आवळून धरायची किंवा हातात चेंडू घ्यायचा. पाढ्यांच्या वेळी डोक्याला रुमाल, रात्री घट्ट वेणी. चिठ्ठी घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची दिली, फी परवडते म्हणून.

निघण्याआधी चट्ट्याच्या कडेला दोन सेंटिमीटरचा चौकोन ट्रिमरनं कातडीलगत कापला. ‘‘दर आठवड्याला एवढाच चौकोन असाच कापायचा. बाकी कात्री लावायची नाही.’’

साडेबारा

सकाळची काचपट्टी. केसाच्या आत मण्यांसारखे बीजाणू ठासून भरलेले. गजकर्ण पक्कं. नमुना कल्चरला पाठवला, त्याचा निकाल यायला महिनाही लागतो. तोवर थांबत नाही. डोक्यावरच्या गजकर्णात मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तोंडानं औषध द्यावंच लागतं. ग्रिसिओफल्व्हिन वजनाप्रमाणे, सहा ते आठ आठवडे, जेवणानंतर आणि दुधासोबत, कारण ते स्निग्ध पदार्थाबरोबर नीट शोषलं जातं. धाकट्यालाही बोलावलंय. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे.

संध्याकाळी सहा

संध्याकाळच्या वेळेत फेरतपासणी. सिडकोतला अकरा वर्षांचा मुलगा. सहा आठवड्यांपूर्वी त्याच्या डोक्यावर असाच चौकोन कापला होता. आईवडील शिकलेले, आमचा मुलगा असं करूच शकत नाही यावर ठाम. आज चौकोनात डोकावलं तर केस दाट, सगळे एका उंचीचे. भोवतालचा चट्टा तसाच खडबडीत. दोन-तीन मिलिमीटरचा केस बोटांच्या चिमटीत सापडत नाही, म्हणून तो वाचतो. मुळाचा रोग असता तर कापलेल्या आणि न कापलेल्या जागेत फरक पडला नसता. वडील बराच वेळ चौकोनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, पुढं काय करायचं?’’ तिथून उपचार सुरू झाला.

ही युक्ती दरवेळी चालत नाही. एकाच मुलाला चाईही असू शकते आणि ओढायची सवयही. चाईच्या जागी खाजलं म्हणून हात गेला आणि तिथंच राहिला, असंही होतं. असा गोंधळ उरला तर कातडीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

रात्री साडेआठ

शटर खाली घ्यायच्या आत वाचकांना एक विनंती. लेकराच्या डोक्यावर मोकळी जागा दिसली तर दवाखान्यात आणण्याआधी दोन दिवस तेल लावू नका, मलम लावू नका, आणि गोटा तर मुळीच करू नका. त्या तुटक्या केसांची लांबी आणि टोकं पाहूनच आम्हाला या तीन विकारांतला फरक कळतो. न्हाव्यानं डोकं साफ केलं की महिनाभर वाट पाहावी लागते. दोन वेळा मात्र थांबू नका. चट्टा सुजून मऊ झाला आणि पू येऊ लागला तर त्याच दिवशी या, कारण तिथले केस कायमचे जाऊ शकतात. आणि केस ओढणाऱ्या मुलाचं पोट दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा पोटाला गाठ लागत असेल, तर आधी पोट दाखवा, डोकं नंतर.