ओळखपत्राचा फोटो आणि पाळ्यांचं गणित

ओळखपत्रावरचा फोटो कुणालाच आवडत नाही; आधार कार्डापासूनची ही परंपराच आहे. कंपनीत मात्र फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नव्हे, वेळापत्रकामुळे. माणूस घाईत, घामेजलेला, हेल्मेटचा वळ कपाळावर घेऊन येतो आणि तसाच पुढची काही वर्षं गळ्यात लटकतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात २४० जण आहेत. तीन पाळ्यांत प्रत्येकी ६० आणि जनरल शिफ्टला ६०. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ११ ला पाळी बदलते. फोटो काढायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. पण खुर्चीवर बसणं, चष्मा सरळ करणं, एम्प्लॉयी कोड तपासणं आणि डोळे मिटले म्हणून पुन्हा एकदा क्लिक करणं, असं सगळं धरून माणशी दोन मिनिटं लागतात. म्हणजे ६० जणांना दोन तास. एचआरने ‘सकाळी १० ते ५ कधीही या’ असं सर्क्युलर काढलं, तर जेवणाच्या सुट्टीत कँटीनबाहेर रांग लागते आणि उरलेला वेळ फोटोग्राफर मोबाइल बघत बसतो.

त्याऐवजी पाळीच्या सुरुवातीची वेळ द्यावी. पहिल्या पाळीला ७.१५ पासून, जनरलला ११ पासून, दुसऱ्या पाळीला ३.१५ पासून. पाळी सुरू होताना चेहरा धुतलेला असतो, केस बसलेले असतात आणि कपड्यांना तेल लागलेलं नसतं. नावं लाइनप्रमाणे लावावीत आणि एका वेळी पाचच जण सोडावेत, म्हणजे सुपरवायझरला रिलिव्हर देऊन काम चालू ठेवता येतं. प्रत्येक दोन तासांच्या शेवटी पंधरा मिनिटं मोकळी ठेवली, तर उशिरा आलेल्यांची सोय होते.

तिसऱ्या पाळीचं काय? रात्रभर काम केलेल्या माणसाला सकाळी ७ नंतर थांबवून फोटो काढणं अन्यायाचं, आणि तारवटलेल्या डोळ्यांचा फोटो गेटवरच्या सिक्युरिटीच्याही कामाचा नाही. इथेच राखीव तारीख उपयोगी पडते. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि सुट्टीनंतर पाळ्या फिरतात. पहिला फोटो-दिवस मंगळवारी ठेवला, तर राखीव तारीख पुढच्या मंगळवारी धरावी. तोवर आजचे रात्रपाळीवाले दिवसा येऊ लागलेले असतात. त्यांचे दोन तास, आणि रजेवर किंवा दौऱ्यावर गेलेल्यांसाठी वेगळा एक तास. राखीव तारीख गुरुवारच्या सुट्टीआधीच ठेवली, तर ती रात्रपाळीच्या उपयोगाची नाही.

ही तारीख सर्वांना आधीच जाहीर करू नये, असं माझं मत आहे. दोन तारखा दिसल्या की निम्मे लोक दुसरी पकडतात. ज्यांचं नाव पहिल्या यादीतच नाही, त्यांना ती कळवावी, बाकीच्यांना चुकल्यावर.

कपड्यांच्या सूचना चार ओळींत मावाव्यात आणि दोन दिवस आधी नोटीस बोर्डावर व व्हॉट्सॲपवर जाव्यात. पडदा पांढरा असेल तर पांढरा शर्ट नको, खांदे पडद्यात विरघळतात. बारीक चौकड्या आणि चकाकणारं कापड टाळावं. गडद, एकरंगी, कॉलरचा शर्ट किंवा साधी साडी-कुर्ता उत्तम. युनिफॉर्म असेल तर प्रश्नच मिटला. टिकली, पगडी, डोक्यावरचा रुमाल राहू द्यावा, फक्त चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत मोकळा दिसावा. नेहमी चष्मा लावणाऱ्याने तो लावूनच बसावं. काचेत दिवा चमकला तर हनुवटी किंचित खाली घ्यावी किंवा दिवा वर सरकवावा. खुर्ची पडद्यापासून तीन-चार फूट पुढे ठेवली की मागे काळी सावली पडत नाही.

सर्वांत महाग चूक म्हणजे एकाच्या नावावर दुसऱ्याचा फोटो. रांगेत एक जण कमी-जास्त झाला आणि यादी मात्र क्रमानेच भरली, तर तिथून पुढचे सगळे फोटो एका घराने सरकतात. म्हणून प्रत्येकाने आधी कोड लिहिलेली पाटी धरून एक फोटो द्यावा, मग पाटीशिवाय दुसरा. फाइललाही नावाऐवजी कोडच द्यावा, कारण एका कारखान्यात दोन संतोष पवार सहज सापडतात. छपाईआधी लाइनप्रमाणे फोटोंची पानं काढून सुपरवायझरला दाखवावीत. तो आपली माणसं पाच मिनिटांत ओळखतो.

तिसरी तारीख ठेवू नये. दुसऱ्या मंगळवारनंतर उरलेल्यांचे आणि पुढे नव्याने येणाऱ्यांचे फोटो एचआरनेच काढावेत. त्यासाठी पडदा जपून ठेवावा आणि खुर्ची, दिवा व कॅमेऱ्याच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवाव्यात.