दुकानात विक्री सहायक पाहिजे: जाहिरातीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गल्लीतल्या दुकानाची नोकरीची जाहिरात बहुतेक वेळा तीन वाक्यांत संपते: ‘दुकानात कामासाठी मुलगी पाहिजे. पगार योग्यतेनुसार. संपर्क करा.’ खाली मोबाइल क्रमांक असतो. कागद काचेवर चिकटतो, त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात जातो आणि दुकानदार फोनची वाट पाहू लागतो. फोन भरपूर येतात, पण कामाला उपयोगी माणूस त्यांत क्वचितच सापडतो. जाहिरात फार आखूड होती म्हणून असे झाले, अशी समजूत होते. खरे तर आखूडपणा अडचणीचा नसतो. विचारणाऱ्याला घरी बसून निर्णय घेता येईल अशी माहितीच तिच्यात नसते.

पहिला गैरसमज कामाच्या वेळेबद्दलचा आहे. दुकान उघडे असते तीच नोकराची वेळ, असे धरून ‘सकाळी 10 ते रात्री 9’ लिहिले जाते किंवा नुसते ‘पूर्णवेळ’ म्हटले जाते. पुण्याच्या पेठांतले, दुपारी बंद राहणारे शालेय साहित्याचे एक दुकान उदाहरण म्हणून घेता येईल. ग्राहकांसाठी ते 10 ते 1.30 आणि 5 ते 9 उघडे असते, म्हणजे दिवसाला साडेसात तास आणि सहा दिवसांचे 45 तास. पण शटर वर करणे, झाडणे, माल बाहेर मांडणे यासाठी सहायकाला पावणेदहाला यावे लागते, आणि गल्ला जुळवून निघेपर्यंत सव्वानऊ होतात. प्रत्यक्ष काम आठ तासांचे, आठवड्याला 48 तासांचे होते. वरचे तीन तास जाहिरातीत कुठेच दिसत नाहीत, आणि पुढे महिनाभरात कुरबूर सुरू होते ती याच तासांवरून.

दुपारच्या सुट्टीचा आणखी एक परिणाम असतो. काम आठ तासांचे असले तरी माणूस पावणेदहापासून सव्वानऊपर्यंत, साडेअकरा तास, अडकलेला असतो. दूर राहणाऱ्याला दुपारी घरी जाता येत नाही आणि दुकान बंद असल्याने तिथेही थांबता येत नाही. जवळ राहणाऱ्याला मात्र हीच वेळ सोयीची पडते. त्यामुळे दोन्ही पाळ्या वेगवेगळ्या लिहिल्या आणि दुकानाचा परिसर सांगितला, तर कोणी अर्ज करावा हे आपोआप ठरते.

‘लहान दुकानाला किमान वेतन लागू नसते’ हा सर्वांत नुकसानकारक गैरसमज. तो पसरण्याचे कारण समजण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या बहुतेक तरतुदी मोजक्या माणसांच्या दुकानाला लागू होत नाहीत; मूळ कायद्यात ही मर्यादा 10 कामगारांची होती आणि 2025 च्या दुरुस्तीने ती 20 वर गेली. किमान वेतनाचा कायदा मात्र वेगळा आहे. आधी 1948 चा किमान वेतन अधिनियम होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा केंद्राच्या वेतन संहितेने घेतली. त्यात नोकरांच्या संख्येची सूट नाही, एकच सहायक असलेल्या दुकानालाही किमान वेतनाचा दर पाळावा लागतो. महाराष्ट्रात दर परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांप्रमाणे वेगळे असतात, आणि महागाईशी जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. गेल्या वर्षीच्या जाहिरातीतला आकडा तसाच उतरवून काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते. ठरल्या तासांपलीकडे थांबवले तर जादा वेळेचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावा लागतो, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत.

आकडा छापला की उमेदवार घासाघीस करतात, म्हणून ‘पगार योग्यतेनुसार’ बरे, असेही मानले जाते. आकडा नसला की घासाघीस टळत नाही. ती प्रत्येक फोनवर पहिल्यापासून सुरू होते. अनुभव असलेल्याला जास्त द्यायची तयारी असेल, तर खालचा आणि वरचा असे दोन्ही आकडे द्यावेत.

‘मुलगी पाहिजे’ किंवा ‘फक्त मुले’ ही तर मालकाची मर्जी, असे सर्रास समजले जाते. एकाच प्रकारच्या कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला वेतन संहितेने मनाई केली आहे. 1976 च्या समान वेतन कायद्यातही भरतीत स्त्रियांना डावलण्याला मनाई होती. अनेकदा दुकानदाराच्या मनात वेगळीच गरज असते: जड खोकी उचलता येणे, गाऊनच्या दुकानात बायकांशी मोकळेपणाने बोलणे, हिशेब येणे. ती गरज कामाच्या वर्णनात लिहिली की योग्य माणसे पुढे येतात.

अर्जाबाबतचा गैरसमज असा की क्रमांक दिला म्हणजे काम झाले. मग दिवसभर ‘हाय’ आणि ‘जॉब आहे का’ एवढेच संदेश येत राहतात. काय लिहून पाठवायचे हे जाहिरातीनेच सांगायला हवे: नाव, राहण्याचा भाग, आधीचे काम आणि फोनसाठी सोयीची वेळ. एवढ्या चार गोष्टींवरून पहिली निवड होते. आधारचा फोटो या टप्प्यावर मागण्याचे कारणच नाही. निवडीनंतर ओळख पटवताना, शेवटचे चारच अंक दाखवणारे आधार पुरते. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येते. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणे किंवा अनामत मागणे ही तर फसव्या जाहिरातींची ओळख झाली आहे, त्यामुळे ‘कोणतेही शुल्क नाही’ हे शब्द प्रामाणिक दुकानाला उपयोगी पडतात.

जाहिरात चित्राच्या रूपातच पाठवावी, हाही असाच एक समज. चित्रातला क्रमांक बहुतेकांना बघून टाइप करावा लागतो. मजकुरातल्या क्रमांकावर बोट ठेवले की पुढे जाता येते. `wa.me/91` आणि त्याला लागून दहा अंकी क्रमांक असा दुवा दिला, तर क्रमांक साठवून न ठेवताही थेट संदेशाची खिडकी उघडते. दुव्यात अधिकचे चिन्ह किंवा सुरुवातीचे शून्य घालायचे नसते.

वरच्या दुकानाची जाहिरात अशी होते:

‘सदाशिव पेठेतील शालेय साहित्याच्या दुकानात विक्री सहायक (स्त्री/पुरुष), 1 जागा. काम: ग्राहकांना माल दाखवणे, बिल करणे, माल लावणे. वेळ: सकाळी 9.45 ते 1.30 आणि सायंकाळी 5 ते 9.15, सोमवारी सुट्टी. पगार: दरमहा ₹18,000. वय 18 पूर्ण. अनुभव नसला तरी चालेल. नाव, राहण्याचा भाग, आधीचे काम आणि फोनची वेळ व्हॉट्सॲपवर पाठवा: wa.me/91XXXXXXXXXX. कोणतेही शुल्क नाही. शेवटची तारीख: 20 जून.’

यात ₹18,000 हा आकडा नमुन्यापुरता आहे. खरा आकडा त्या सहामाहीचा दर पाहून ठरवावा लागतो. शेवटची तारीख मात्र कधीही गाळू नये. जागा भरल्यावर मूळ संदेश ‘सर्वांसाठी’ पुसला, तरी तो त्या गटापुरताच जातो. इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. त्या वाचणाऱ्याला जागा उरलेली नाही हे केवळ तारखेवरून कळते. शिवाय जाहिरात टाकली त्या प्रत्येक गटात ‘जागा भरली’ असे लिहावे आणि काचेवरचा कागदही त्याच दिवशी काढावा.