रात्रीचा रेडिओ आणि इलेक्ट्रॉनची थरथर

मध्यम लहरींचा रेडिओ दिवसा जवळपासचीच केंद्रे पकडतो. सूर्य मावळला की शेकडो किलोमीटरवरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. 1902 मध्ये 'फिलाडेल्फिया' जहाजावरून प्रवास करताना मार्कोनीला हाच फरक जाणवला होता. त्याचे कारण जमिनीपासून 70 ते 100 किलोमीटर उंचीवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमध्ये आहे.

रेडिओ लहर म्हणजे सतत दिशा बदलणारे विद्युतक्षेत्र. 1 मेगाहर्ट्झची लहर सेकंदाला दहा लाख वेळा हेलकावते आणि मोकळा इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर थरथरतो. क्षेत्राची कमाल तीव्रता मीटरला एक मिलिव्होल्ट धरली, तर या थरथरीचा कमाल वेग सेकंदाला सुमारे 28 मीटर भरतो, म्हणजे महामार्गावरच्या मोटारीइतका. पण दिशा इतक्या झटपट बदलते की इलेक्ट्रॉन मधल्या जागेपासून जेमतेम साडेचार मायक्रोमीटर सरकतो. (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्याची वाट वळते, ते या हिशेबात धरलेले नाही.)

खरी गंमत आहे ती वेळेच्या मेळात. क्षेत्राचा जोर सर्वांत जास्त असतो, त्या क्षणी इलेक्ट्रॉन एका टोकाला पोहोचून थबकलेला असतो, आणि तेही जोर ज्या बाजूला ओढतो त्याच्या नेमक्या उलट टोकाला. तिथून तो ओढीच्या दिशेने निघतो आणि वेग घेत जातो. जोर शून्यावर येतो तेव्हा वेग कमाल झालेला असतो. मग जोर उलटतो आणि त्याला आवरू लागतो. वेग असा क्षेत्रापेक्षा पाव हेलकावा पुढेमागे राहतो. पहिल्या पाव हेलकाव्यात इलेक्ट्रॉनने लहरीकडून घेतलेली ऊर्जा पुढच्या पाव हेलकाव्यात तो पुरती परत करतो. मोकळा इलेक्ट्रॉन लहरीचे काहीच खात नाही.

मात्र त्याला मोकळीक मिळाली पाहिजे. 70 किलोमीटरवर हवा विरळ असली तरी इलेक्ट्रॉन सेकंदाला काही दशलक्ष वेळा रेणूंवर आदळतो. हेलकावा पुरा होण्याआधीच टक्कर झाली की मेळ बिघडतो, परत करायची ऊर्जा हवेच्या उष्णतेत जाते आणि लहर विझत जाते. दिवसा सूर्यप्रकाश या थरात इलेक्ट्रॉन सुटे करत असतो. अंधार पडला की ते झपाट्याने रेणूंना आणि आयनांना चिकटतात, आणि थर जवळजवळ नाहीसा होतो.

रात्री लहर 100 किलोमीटरच्या आसपास आणि त्याहून वर पोहोचते. तिथे टकरी फार कमी. जोराच्या उलट बाजूला सरकलेले हे इलेक्ट्रॉन स्वतःही लहरी सोडतात आणि मूळ लहरीत मिसळून तिचे शिखर अधिक वेगाने पुढे नेतात. इलेक्ट्रॉन वर दाट असल्याने तिरप्या लहरीची वरची बाजू पुढे पळते आणि लहर वळून जमिनीकडे येते.

एफएमची 100 मेगाहर्ट्झची लहर तेवढ्याच तीव्रतेची असली, तरी तिच्यात इलेक्ट्रॉनचा वेग शंभरपट आणि सरकणे दहा हजारपट कमी असते. त्यामुळे एफएमची लहर सहसा न वळता हा थर भेदून अंतराळात निघून जाते.