नववीचा पट, दहावीचा निकाल

'आमच्या शाळेचा दहावीचा निकाल सलग तीन वर्षे शंभर टक्के' असं प्राचार्यपदाच्या अर्जात वाचलं, की मी पहिला प्रश्न विचारतो तो नववीच्या पटाचा. त्या तुकडीत नववीच्या जूनमध्ये किती मुलं होती आणि बोर्डाच्या परीक्षेला किती बसली? बहुतेक उमेदवारांना दुसरा आकडा तोंडपाठ असतो. पहिला आठवायला वेळ लागतो.

हा प्रश्न का, ते आधी सांगतो. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलांना अनेक वर्षं नापास केलं जात नव्हतं. त्यामुळे चाळण लागायची ती नववीत. कच्ची मुलं नववीतच मागे ठेवायची, किंवा पालकांना बोलावून '17 नंबरचा फॉर्म भरा' असं सुचवायचं, ही रीत कित्येक शाळांत रुळली. हा फॉर्म खरं तर शाळा सुटलेल्यांसाठी आहे. काम करणारा मुलगा, संसारात अडकलेली बाई यांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून बोर्डाने ती सोय ठेवली. पण बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या टक्केवारीत धरला जात नाही. मग शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फलक लागतो आणि पंधरा मुलं गुपचूप गळालेली असतात.

अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद बहुतांशी सेवाज्येष्ठतेने मिळतं. खासगी शाळांसाठीच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत तशी तरतूद आहे. त्यामुळे तिथे आपलं काम मांडून दाखवण्याची सवय कुणाला लागत नाही. वर्तमानपत्रात जाहिरात येते ती प्रामुख्याने विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाच्या, सीबीएसईच्या आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांची. वीस वर्षं उत्तम शिकवलेले, पर्यवेक्षकपद सांभाळलेले लोक अशा जाहिरातीला अर्ज करतात आणि दोन पानांत अडखळतात. निवड समित्यांवर बसून मी असे बरेच अर्ज वाचले. कुणाची ओळख पटू नये म्हणून त्यांतल्या अनेकांचा मिळून इथे एक अर्ज केला आहे. आकडेही समजण्यापुरतेच घेतले आहेत.

तालुक्याच्या गावातली शाळा. बाई गणिताच्या, नंतर आठवी ते दहावीच्या पर्यवेक्षिका. त्यांच्या पहिल्या अर्जात तीन वाक्यं होती: निकालाची परंपरा शंभर टक्के, शिक्षकांसाठी अनेक कार्यशाळा घेतल्या, पालकांशी उत्तम सुसंवाद. त्यांतलं काहीच खोटं नव्हतं. पण पर्यवेक्षिका झाल्यावर त्यांच्या हातून गेलेल्या पहिल्या तुकडीचा निकाल 97.48 टक्के लागला होता, आणि तो त्यांनी अर्जातून वगळला होता. शंभराचा आकडा त्याआधीचा होता.

आता दोन्ही तुकड्या शेजारी ठेवून पाहू. आधीच्या तुकडीत नववीच्या जूनमध्ये 126 मुलं होती, दहावीला बसली 108, आणि सगळी पास झाली. गेलेल्या 18 पैकी 4 जणांनी दाखला काढून दुसरी शाळा घेतली होती. उरलेली 14 नववीतच अडकली किंवा 17 नंबरला गेली. बाईंच्या तुकडीत नववीला 121 मुलं होती. दोघांच्या वडिलांची बदली झाली, 119 बसली, 116 पास झाली. टक्केवारी शंभरावरून साडेसत्त्याण्णवावर आली, पण नववीच्या पटाशी ताडून पाहिलं तर आधी दर शंभरातली 86 मुलं दहावी पार करत होती, आता 96. नापास झालेल्या तिघांपैकी दोघं जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटली. बाईंच्या नोकरीतलं सर्वांत चांगलं काम हेच होतं, आणि लाज वाटून त्यांनी ते झाकून ठेवलं.

निकाल असा मांडला की वाचणाऱ्याच्या मनात आपोआप प्रश्न येतो: हे झालं कसं? शिक्षक आणि पालक अर्जात शिरले पाहिजेत ते या प्रश्नाच्या उत्तरात. 'शिक्षक', 'पालक', 'निकाल' असे तीन वेगळे मथळे करून प्रत्येकाखाली चार-चार ओळी लिहिल्या, की त्यांचा एकमेकांशी संबंध तुटतो आणि अर्ज शाळेच्या वार्षिक अहवालासारखा वाचला जातो.

बाईंनी जूनमध्ये नववीच्या सर्व मुलांची वीस गुणांची चाचणी घेतली होती. प्रश्न पाचवी ते सातवीचे: अपूर्णांकांची वजाबाकी, ऋण संख्या, भागाकार. 43 मुलांना आठ गुणसुद्धा पडले नाहीत. म्हणजे नववीचं बीजगणित त्यांना कळत नव्हतं याचं मूळ नववीत नव्हतं. गणिताचे शिक्षक दोन. त्यांतले ज्येष्ठ सर तासाला कुणी येऊन बसलेलं चालवून घेत नसत, आणि पर्यवेक्षिकेने लॉगबुकात शेरा मारणं त्यांना अपमानाचं वाटे. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, आधी तुम्ही माझ्या तासाला मागच्या बाकावर बसा. माझं काय चुकतं ते वहीत लिहून द्या." सरांनी दोन तास पाहून लिहून दिलं: तुम्ही फळ्यावर भराभर सोडवता, मागच्या रांगेतली मुलं नुसती उतरवून घेतात. बाईंनी तो कागद जपून ठेवला. महिन्याभराने सरांनी आपल्या तासाला येऊ दिलं.

त्यानंतरचं काम वेळापत्रकाचं होतं, आणि ज्याने वेळापत्रक बसवलं आहे त्यालाच त्याची किंमत कळेल. दोन्ही गणित शिक्षकांचा बुधवारचा एक तास एकाच वेळी मोकळा ठेवायचा आणि त्या तासाला त्यांना बदली तासावर पाठवायचं नाही. त्यासाठी आठवड्यातले दोन बदली तास बाईंनी स्वतःकडे घेतले. बुधवारी तिघं मिळून मुलांच्या वह्या पाहत, कोणती चूक किती जणांनी केली ते मांडत, आणि पुढच्या आठवड्याच्या शून्य तासात त्या चुकीवरच काम होई. मार्चमध्ये तीच चाचणी पुन्हा घेतली तेव्हा आठच्या खाली 11 मुलं उरली होती.

इथे पुष्कळ उमेदवार घसरतात. सगळं श्रेय 'मी'कडे ओढलं तर समितीला वाटतं, या बाई शिक्षकांना चिरडतील. सगळीकडे 'आम्ही' लिहिलं तर मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "यात तुमचं काय?" साधी रेघ आखता येते. वेळापत्रक बदललं, बदली तास घेतले, चाचणी ठरवली, हे 'मी'. मुलं शिकवली, हे दोन शिक्षकांचं. त्यांची नावं लिहू नयेत. ज्येष्ठ सरांनी आधी नकार दिला होता हे मात्र लिहावं, पण त्यांना उणं न आणता. अडथळा नसलेल्या कामाची गोष्ट समितीला पटत नाही.

पालकांच्या बाबतीत अर्जात हटकून येतं ते सभेच्या उपस्थितीचं. बाईंच्याही कच्च्या टिपणात होतं: शनिवारी सकाळच्या सभेला 38 पालक यायचे, रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात सभा घेतल्यावर 84 आले. हा चांगला निर्णय होता. पण खुर्च्या भरल्याने गणित सुधारत नाही. मी विचारलं, आलेल्या पालकांनी पुढे वेगळं काय केलं? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. सोयाबीन काढणीच्या दिवसांत नववीची मुलं आठ-आठ दिवस गैरहजर राहत, आणि नेमकी तीच मुलं त्या 43 मध्ये होती. बाईंनी शेत सोडून मुलांना पाठवा असा हट्ट धरला नाही. मूल कामाला जाणार असेल तर आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना फोन करायचा, आणि परत आल्यावर दोन दिवस शाळा सुटल्यानंतर अर्धा तास थांबवायचं, एवढं त्यांनी पालकांशी ठरवलं. प्रत्येक कच्च्या मुलाची वही त्याच्या आईवडिलांना वेगळं बसवून दाखवली, चारचौघांत नाही. 17 नंबरचा विषय निघणार नाही हेही त्यांना सांगितलं.

हुशार मुलांचे पालक चिडले. शाळा सगळा वेळ मागच्या बाकांवर घालवते, अशी लेखी तक्रार पालक-शिक्षक संघाकडे आली. बाईंनी कार्यकारी समितीच्या बैठकीत वेळापत्रक समोर ठेवलं आणि नियमित तासांतला एकही तास कमी झाला नसल्याचं दाखवलं. तक्रारदारांतले दोघे तरीही नाराजच राहिले. हे वाक्य अर्जातून काढायचं नाही, असं मी त्यांना आवर्जून सांगितलं. प्राचार्याच्या खुर्चीत बसणाऱ्याला दर महिन्याला नाराज पालक भेटणार आहेत, आणि समितीला हेच पाहायचं असतं की ही व्यक्ती नाराजी ऐकून घेते, उत्तर देते, आणि तरी काम थांबवत नाही.

बाईंच्या दुसऱ्या अर्जातला परिच्छेद साधारण असा झाला:

'नववीच्या 121 विद्यार्थ्यांपैकी 43 जण पाचवी ते सातवीच्या गणितात कच्चे असल्याचे जूनच्या चाचणीत आढळले. गणित शिक्षकांना आठवड्याला एक सामाईक मोकळा तास मिळावा म्हणून मी वेळापत्रक बदलले व दोन बदली तास स्वतः घेतले. काढणीच्या काळातील गैरहजेरीबाबत पालकांशी व्यवस्था ठरवली. मार्चमध्ये कच्चे विद्यार्थी 11 उरले. या तुकडीतून कोणालाही बाहेरून परीक्षेस बसवले नाही. 119 बसले, 116 उत्तीर्ण झाले. शाळेची टक्केवारी पूर्वीपेक्षा कमी झाली, उत्तीर्ण होणारी मुले वाढली.'

शेवटचं वाक्य ठेवायला बाई घाबरत होत्या. संस्थेला टक्केवारीच हवी असेल तर? तशी संस्था असेल तर ती हा अर्ज बाजूला ठेवेल, ही शक्यता खरी आहे. त्यातला दुसरा कच्चा दुवा मी त्यांना सांगितला: एका तुकडीवरून फार मोठं अनुमान काढता येत नाही, कारण प्रत्येक वर्षाची मुलं वेगळी. म्हणून पुढच्या तुकडीचे आकडे, ते कमी चांगले असले तरी, खाली एका ओळीत द्यायला लावले. गणिताचे गुणही लेखी 80 पैकी वेगळे दाखवायला सांगितले. अंतर्गत 20 गुण शाळाच देते, त्यामुळे ते मिळवून दाखवलेल्या सरासरीवर जाणता माणूस विश्वास ठेवत नाही.

अर्जातल्या प्रत्येक आकड्यामागे कागद हवा: पटासाठी जनरल रजिस्टर, निकालासाठी बोर्डाचं शाळानिहाय पत्रक, तासांसाठी लॉगबुक, पालकांच्या निर्णयासाठी संघाच्या बैठकीचं इतिवृत्त. सगळं जोडायची गरज नाही, आणि मुलांची नावं असलेला कागद तर शाळेबाहेर नेऊच नये. पण मुलाखतीत कुणी विचारलं तर कोणत्या तारखेच्या नोंदीत ते सापडेल, हे सांगता आलं पाहिजे.

संस्थाचालकांकडे एक मागणं आहे. प्राचार्यपदाच्या जाहिरातीत 'उत्तम निकालाची परंपरा असलेल्यास प्राधान्य' असं छापण्याऐवजी एवढंच छापा: गेल्या तीन तुकड्यांचा नववीचा जूनचा पट, दहावीला बसलेले आणि उत्तीर्ण झालेले विद्यार्थी, तिन्ही आकडे अर्जात द्यावेत.