त्या दिवशी दादा नव्हता

कथेतल्या आजीकडे माहेरच्या वाड्यातला जुना ग्रूप फोटो पहिल्यांदाच येतो. 1958 साली तिच्या लग्नानंतर चौकात काढलेला. चष्मा लावून ती एकेक चेहरा ओळखत जाते आणि मागच्या रांगेत, वडिलांच्या खांद्यामागे, थबकते. तिथे दादा उभा आहे. दादा तर चार वर्षं आधीच घरातून निघून गेला होता, पुन्हा कधी आलाच नाही.

यात भुताखेताचं काही नाही. हे काम तेव्हा फोटो स्टुडिओत होत असे. घरात नसलेल्या माणसाचा एखादा सुटा फोटो घरचे घेऊन जात. फोटोवाला त्याचीच आधी कॉपी निगेटिव्ह करी आणि एन्लार्जरखाली डोक्याचा आकार ग्रूपमधल्या डोक्यांशी जुळेपर्यंत लहान-मोठा करून प्रिंट काढी. मग धारदार पात्याने चेहरा कापायचा, कड जाड दिसू नये म्हणून मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करायची, ग्रूप फोटोवर चिकटवायचा आणि सांधा बारीक ब्रशने रंगवून बुजवायचा. या जोडलेल्या फोटोचा पुन्हा फोटो काढला, की त्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. अशा प्रतीवरून बोट फिरवलं तरी कड लागत नाही, कारण कागद एकसंध असतो.

तरी आजीला कळतं. चौकातलं ऊन डावीकडून आलंय, सगळ्यांच्या नाकाची सावली उजव्या गालावर पडलीय. दादाच्या चेहऱ्यावर उजेड उलट बाजूचा. एवढ्यावर खात्री धरू नये, पांढऱ्या भिंतीवरून परतलेलं ऊनही असा घोळ करतं. पण दादाचा चेहरा इतरांपेक्षा भुरकटही आहे. कॉपीची कॉपी होताना केस, पापण्या यांतले बारकावे जातात, आणि त्याचा चेहरा ग्रूपपेक्षा एक कॉपी जास्त फिरलेला असतो. मानेपाशी सदऱ्याची कॉलर तर ब्रशनेच काढलेली.

मला सगळ्यात जिव्हारी लागतो तो चौथा पुरावा. दादाचा चेहरा मॅट्रिकच्या वेळच्या फोटोतला आहे. त्यामुळे शेजारी उभा असलेला धाकटा भाऊ त्याच्याहून थोराड दिसतो. फोटोवाल्याने आकार जुळवला, वय त्याला जुळवता येणार नव्हतं. घरात दादाचं नावही न काढणाऱ्या वडिलांनीच हे काम करून घेतलं असणार, हे आजीला तिथे उमगतं.

तुमच्या घरीही असा फोटो असेल, तर स्कॅन करून तो चेहरा ‘दुरुस्त’ करू नका. मूळ प्रत जपा. तिच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, कोण जोडलेलं आहे ते लिहून ठेवा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आणि हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवरच विचारून घ्या.