अंग धरले की पाणी धरले?

आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाचे वजन वाढू लागले की घरातील वडील मंडळी समाधानाने म्हणतात, 'चला, अंग धरले एकदाचे!' क्षयात किंवा विषमज्वरात हे समाधान योग्यच होय. परंतु मधुमेहाच्या एका प्रचलित औषधाच्या बाबतीत ते कसे फसवे ठरते, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. त्या औषधाचे नाव पायोग्लिटाझोन.

हे औषध जपानात शोधले गेले व १९९९ साली अमेरिकेत विक्रीस आले. आपल्या देशात ते स्वस्त असून मोठ्या प्रमाणावर दिले जाते. आणि बहुधा ते एकटे येत नाही. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड व पायोग्लिटाझोन अशी तीन औषधे एकाच गोळीत घातलेली असतात. गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने ठेवलेले नाव. आतील घटक बारीक अक्षरांत. त्यामुळे 'आमचे आजोबा साखरेची एकच गोळी घेतात' असे सांगणाऱ्या घरास त्या एका गोळीत काय काय आहे, याची वार्ताही नसते.

आमच्या मुरुडातीलच एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नावाशी वाचकांस कर्तव्य नाही. गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, आणि लातुरास काढलेल्या इकोच्या कागदावर हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती पस्तीस टक्के लिहिलेली. निरोगी माणसात हा आकडा पंचावन्नच्या पुढे असतो. साखर आटोक्यात येईना, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. इकोचा कागद त्यांना कोणी दाखविला नव्हता. महिनाभरात उपाशीपोटीची साखर उत्तम उतरली व वजन बासष्टावरून साडेसहासष्ट किलोंवर गेले. घरी आनंद झाला; सूनबाई म्हणाल्या, 'मामंजींना ही गोळी मानवली.' पाचव्या आठवड्यात त्यांच्या पायांत वहाणा शिरेनात. मोज्याचा वळ नडगीवर तासन्‌तास राही. मग एका उशीवर झोप येईना, दोन लागू लागल्या; आणि एके रात्री ते धापा टाकीत उठून खिडकीशी जाऊन बसले.

हे साडेचार किलो कशाचे होते? मांस नव्हे, आणि मेदही फारसा नव्हे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हा हिशेब प्राथमिक शाळेतील आहे. महिन्याभरात इतके वजन वाढले, तर त्याचा मोठा भाग पाणीच असणार.

आता हे पाणी साठते कसे, ते पाहू. पायोग्लिटाझोन पेशींच्या केंद्रातील एक कळ दाबते. मेदपेशींत ती कळ दाबली गेली की रक्तातील मेद त्वचेखालील कोठारात ओढला जातो, स्नायू व यकृत त्याच्या भारातून मोकळे होतात आणि शरीर स्वतःच्याच इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागते. साखर उतरते ती यामुळे. याच मार्गाने थोडा खरा मेदही वाढतो, पण तो सावकाश, महिनोन्‌महिने. दुर्दैव असे की, तीच कळ मूत्रपिंडाच्या नलिकांतही आहे. तेथे ती दाबली गेली म्हणजे लघवीवाटे जावयाचे मीठ परत रक्तात ओढले जाते, व मिठापाठोपाठ पाणी येते. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी अधिक झिरपते. सारांश, रक्ताचे आकारमान वाढते आणि जादा पाणी पायांत उतरते. रक्त पातळ झाल्याने हिमोग्लोबिनचा आकडाही किंचित घसरतो. तो पाहून घरची मंडळी बीट आणि खजुराच्या मागे लागतात, हा आणखी एक घोटाळा!

ज्याचे हृदय धडधाकट आहे, तो हा वाढीव भार बहुधा सोसतो. त्याचे पाय थोडे सुजतात, इतकेच. परंतु ज्याचे हृदय आधीच आलेले रक्त पुरते पुढे ढकलू शकत नाही, त्याच्याकडे अधिक रक्त पाठविणे म्हणजे थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती टाकणे होय. मागे तुंबलेले पाणी फुप्फुसांत शिरते. आडवे झाल्यावर धाप लागते, बसल्यावर बरे वाटते, त्याचे कारण हेच.

या गोष्टीचा पडताळा मोठ्या प्रमाणावर घेतला गेला आहे. युरोपात ५,२३८ मधुमेही रुग्णांवर सुमारे तीन वर्षे केलेल्या एका परीक्षणाचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. हृदयदौर्बल्याची लक्षणे असलेल्यांस त्यातून मुद्दाम वगळले होते. तरीही पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांत सुमारे अकरा टक्क्यांस हृदयदौर्बल्य झाल्याची नोंद झाली, तर नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांत आठ टक्क्यांस. म्हणून अमेरिकेने २००७ साली पाकिटातील माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापविला: हृदयदौर्बल्य पुढच्या पायरीवर असलेल्यांस हे औषध देऊच नये, व लक्षणे असलेल्या कोणासही देण्याची शिफारस नाही. युरोपचा नियम याहून कडक आहे. तेथे पूर्वी कधी हृदयदौर्बल्य झाले असले तरी ते वर्ज्य. आपल्याकडे जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने या औषधाची विक्री थांबविली आणि जुलैअखेर इशाऱ्यासह पुन्हा खुली केली. तो गाजावाजा मूत्राशयाच्या कर्करोगाच्या भीतीचा होता. लोकांच्या ध्यानात तेवढेच राहिले व हृदयाची गोष्ट मागे पडली, असे माझे निरीक्षण आहे.

येथे एक विवेक करणे अवश्य आहे. हृदयाची रक्तवाहिनी तुंबणे निराळे, आणि हृदय दुबळे होणे निराळे. पक्षाघात होऊन गेलेल्या, पण हृदय सशक्त असलेल्या माणसांत याच औषधाने पुढील झटके कमी झाल्याचे २०१६ साली दिसून आले आहे. तेव्हा औषधास सरसकट विष ठरविण्याचे कारण नाही. मात्र वाहिनी तुंबल्यामुळेच पुष्कळदा हृदय दुबळे होते. म्हणून झटका येऊन गेलेल्या माणसाचा इको पाहिल्यावाचून ही गोळी सुरू होऊ नये. सोबत इन्सुलिन चालू असेल तर सूज अधिक येते, कारण इन्सुलिनही मीठ राखते. साडेसात मिलिग्रॅमच्या अल्प मात्रेत ती कमी येते खरी, परंतु दुबळ्या हृदयास तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

वरील गृहस्थांना प्रथम लघवी वाढविणारी गोळी दिली गेली. तिचा म्हणावा तसा गुण आला नाही. औषधाने मीठ अडविलेले असताना नुसते पाणी उपसून भागत नाही. मग नव्या डॉक्टरांनी इको पाहून मूळ गोळीच बंद केली, साखरेसाठी दुसरी योजना केली, व लोणचे-पापड ताटातून उठविले. पंधरवड्यात चार किलो वजन उतरले आणि ते पुन्हा एका उशीवर झोपू लागले.

घरी तपासणी सोपी आहे. सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलोंची वाढ दिसली तर ती अन्नाची नव्हे. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरावा. उचलल्यावर खळगा राहिला तर आत पाणी आहे. मात्र खळगा उमटण्यापूर्वी दोन-तीन लिटर पाणी मुकाट्याने साठलेले असू शकते, म्हणून काटा आधी बोलतो व पाय मागाहून. धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि जाताना गोळीचे रिकामे पाकीट व इकोचा कागद दोन्ही बरोबर न्यावे.