एमबीएला निघालात? राजीनाम्यात बाजाराचा हिशेब लिहा
फिल्ड सेल्स सोडून मार्केटिंगच्या एमबीएला जाताना राजीनाम्यात कारणाला एक ओळ पुरे. आधी नेमणूकपत्रातला नोटीस पीरियड बघा. तो ३० दिवसांचा असेल आणि कॉलेज १ जुलैला उघडणार असेल, तर पत्र ३१ मेला द्या आणि शेवटचा दिवस ३० जून असा स्पष्ट लिहा.

मग बीटवरची दुकानं, त्यांच्याकडची उधारी आणि वितरकाचे अडकलेले क्लेम नव्या माणसाला कधीपर्यंत सोपवाल ते नोंदवा. दुकानदाराला तोंडी कबूल केलेली स्कीमसुद्धा लिहाच! ती कागदावर नसली की वितरक पैसे मागतो, कंपनी नाकारते आणि तुमचं फुल अँड फायनल रखडतं. अनुभवपत्राची मागणीही याच पत्रात करा, प्रवेशाच्या कागदपत्रांत ते लागू शकतं.